दोन ‘न मम’

दत्तयागाला यजमान म्हणून बसलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असेल. गुरुजी मंत्र म्हणतात, स्वाहाकार होतो, आपण पळीतले तूप अग्नीत सोडतो आणि म्हणतो, ‘इदं न मम’. हे माझे नाही. सकाळपासून दुपारपर्यंत हे शब्द इतक्या वेळा तोंडून जातात की पुढे पुढे ते आपोआप येतात. डोळ्यांत धूर जात असतो, पाय अवघडलेले असतात, पूर्णाहुतीला किती वेळ आहे याकडे थोडे लक्ष असते. त्या शब्दांत काय म्हटले आहे याचा विचार मीही आयुष्यभर केला नव्हता. तो करायची वेळ निवृत्तीनंतर आली, आणि तीही माझ्या भाचीमुळे.

भाची महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. तिच्या विभागात कर्मकांड या विषयावर एक दिवसाचे चर्चासत्र होते. ‘बळी’ या गोष्टीबद्दल मानवशास्त्रज्ञांनी काय काय म्हटले आहे, दान आणि देवघेवीपासून ते थेट हिंसेपर्यंत, याची तुलना तिला मांडायची होती. तिने आपले टिपण मला आणून दिले. म्हणाली, “मामा, तुम्ही जमाखर्चवाले. वाचून सांगा, कुठे हिशेब लागत नाही ते.” मी बी.कॉम., बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. मानवशास्त्राचा आणि माझा संबंध काय! पण वाचायला घेतले आणि त्यात असा अडकलो की पुढे दोन महिने ग्रंथालयाच्या फेऱ्या चालू होत्या. त्यातले जे मला समजले आणि जे माझ्या मनाला लागले, तेवढेच इथे लिहितो.

सुरुवात आपल्याला सहज पटेल अशा विचाराने होते. एडवर्ड टायलर नावाच्या इंग्रज विद्वानाने 1871 साली मांडले की बळी म्हणजे मुळात देवाला दिलेली भेट. राजाकडे जाताना नजराणा न्यावा तसे. नजराणा दिला की राजा प्रसन्न होतो, आपले काम करतो. ‘मी देतो, म्हणजे तू देशील’, असा हा सरळ व्यवहार. नवस बोलणारे आपण सगळे थोडेफार टायलरचेच शिष्य आहोत, मग त्याचे नाव ऐकलेले असो वा नसो. पुढे 1889 साली विल्यम रॉबर्टसन स्मिथ म्हणाला की नाही, मूळ गोष्ट नजराण्याची नव्हेच, ती पंगतीची आहे. देव आणि त्याची माणसे एकाच पशूचे मांस एकत्र बसून खातात आणि त्यातून त्यांचे नाते बांधले जाते. प्रसादाच्या पंगतीला बसणाऱ्याला यातले अर्धे तरी पटेल.

फ्रान्समधल्या दोघांनी, आन्री ह्यूबेर आणि मार्सेल मॉस यांनी, 1899 साली या विषयावर जो प्रबंध छापला तो आपल्या जास्त जवळचा आहे, कारण त्यांनी आधार घेतला तो वैदिक यज्ञाचा आणि यहुदी लोकांच्या बळीविधीचा. मॉस संस्कृत शिकलेला होता. त्यांचे म्हणणे असे की देव आणि माणूस यांच्यात थेट व्यवहार होऊ शकत नाही, मधे कोणीतरी लागतो. तो मधला म्हणजे बळी. यजमान त्याला आपल्यातर्फे पुढे करतो. यजमान स्वतः अग्नीत गेला तर परत येणार नाही, म्हणून त्याच्या बदली दुसरे काहीतरी जाते आणि यजमान पवित्र होऊन घरी येतो. याच मॉसने पुढे दानावर मोठा निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने असतात, फुकटचे दान जगात नसते, असे त्याने त्यात दाखवले. त्यासाठी त्याने आपल्या महाभारताचे अनुशासनपर्वही वापरले आहे. दान घेणाऱ्या ब्राह्मणाला त्या दानाची भीती का वाटते, हा प्रश्न तिथे येतो. आपल्या गावातल्या जुन्या माणसांना याचे उत्तर ग्रंथ न वाचताही ठाऊक होते.

इथवर मला काही अडले नाही. डेबिट, क्रेडिट, मधला दलाल, हे सगळे ओळखीचे. अडलो तो एका काकडीपाशी.

आफ्रिकेत नाईल नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या दक्षिण सुदान देशात, न्यूअर नावाचे गुराखी लोक राहतात. इव्हान्स-प्रिचर्ड हा इंग्रज मानवशास्त्रज्ञ 1930 ते 1936 च्या दरम्यान तुटक तुटक मिळून सुमारे वर्षभर त्यांच्यात राहिला आणि 1956 साली त्याने त्यांच्या धर्मावर पुस्तक लिहिले. मी सांगतो ते त्या काळचे, त्याने पाहिलेले. न्यूअरांचे सारे आयुष्य गुरांभोवती. मुलगा वयात आला की बाप त्याला एक बैल देतो आणि तो मुलगा त्या बैलावरून स्वतःला नाव घेतो. मित्र त्याला त्याच नावाने हाक मारतात. त्याच्या शिंगांना गोंडे बांधायचे, त्याच्यावर गाणी रचायची, त्याला गोठ्याभोवती मिरवायचे. बैलाला नुसते खाण्यासाठी मारायचे नाही, अशी त्यांची रीत. मारायचा तर तो देवाला अर्पण करूनच.

अर्पण करायची पद्धत इव्हान्स-प्रिचर्डने बारकाईने लिहून ठेवली आहे. बैल आणून खुंटाला बांधतात. मग ज्याच्यासाठी हे चालले आहे तो, किंवा त्याच्यातर्फे दुसरा कोणी, उजव्या हाताने त्याच्या पाठीवर राख चोळतो. हळुवार, जसा आपण अंगारा लावतो तसा. मग एकजण हातात भाला घेऊन बैलापुढे येरझाऱ्या घालत बोलायला लागतो. हे बोलणे तासभरही चालते. बळी कशासाठी, कोण आजारी आहे, कोणाशी काय वैर झाले, सगळे त्यात मांडायचे, आणि बोलायचे ते खरेच बोलायचे, असा दंडक. शेवटी उजव्या बाजूने भाल्याचा एकच घाव, हृदयापर्यंत. प्राण देवाचे आणि मांस माणसांचे, असे ते म्हणतात, आणि मांस वाटून खातात.

आता काकडी. ज्याच्याजवळ त्या वेळी जनावर नाही तो न्यूअर एक रानकाकडी घेतो. तिच्यावर राख लावतो, तिच्यापुढे तसेच बोलतो आणि भाल्याने तिचे दोन तुकडे करतो. त्या वेळी तो तिला ‘बैल’ म्हणतो. इव्हान्स-प्रिचर्ड आवर्जून सांगतो की त्याला काकडी आणि बैल यांतला फरक कळत नाही असे मुळीच नाही. तो काकडीकडे बोट दाखवून ‘हा बैल’ म्हणतो. बैलाकडे बोट दाखवून ‘ही काकडी’ असे कधी म्हणत नाही.

हे वाचून मी हसलो नाही, कारण नवचंडीत आपण कोहळा कापतो तो काय असतो? हळदकुंकू लावलेला, बळी म्हणून मांडलेला, एका घावात कापायचा. भाची म्हणाली, “मामा, काकडी म्हणजे प्रॉमिसरी नोट. बैल नंतर द्यायचा.” मला ते तितकेसे पटले नाही. गरिबाची काकडी देव तशीच स्वीकारतो, अशीही बाजू त्यात आहे. पण बँकवाल्याच्या कानाला ती उपमा गोड लागली, हे कबूल करतो. न्यूअर लोक स्वतःही बळीबद्दल बोलताना ‘कोक’ हा शब्द वापरतात, जो खरेदी-विक्रीसाठीही चालतो. मग टायलरचे नजराण्याचे म्हणणे खरेच की! इव्हान्स-प्रिचर्ड म्हणतो, नुसते तेवढे नाही. सगळी गुरे आधीच देवाची आहेत, त्याला यात नफा कसला? बैलाच्या पाठीवर राख चोळताना माणूस स्वतःलाच त्याच्याशी जोडून घेतो. तो जे देतो ती भेट असते खरी, पण त्या भेटीत तो स्वतः असतो. ज्या बैलाचे नाव अंगावर वागवले, तसलाच एक बैल खुंटाशी बांधलेला आहे. देताना दुखते.

मी एवढ्यावर खूश होतो. पण टिपणाचे पुढचे पान उलटले आणि तिथे रने जिरार भेटला.

जिरार 1923 साली फ्रान्समध्ये आव्हिन्यों इथे जन्मला, अमेरिकेत प्राध्यापक झाला आणि 2015 मध्ये वारला. तो मूळचा मानवशास्त्रज्ञ नव्हे, साहित्याचा अभ्यासक. 1972 साली ‘हिंसा आणि पवित्र’ अशा अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस दुसऱ्याचे बघून हवेहवेसे वाटायला शिकतो. शेजाऱ्याला जे हवे ते मलाही हवे. त्यातून भांडण, भांडणातून सूड, सुडाला पुन्हा सूड. हे वाढत जाऊन सगळा समाज फुटायला येतो. अशा वेळी सगळ्यांची बोटे अचानक एकाकडे वळतात. सगळे विरुद्ध एक. त्याला मारले किंवा हाकलले की एकदम शांतता पसरते. ती शांतता इतकी खरी असते की लोकांना वाटते, दोष खरोखर याचाच होता. पुढे हीच गोष्ट ठरवून, विधी म्हणून, पुन्हा पुन्हा करतात. तो बळी. जिरारच्या मते भेट, नजराणा, पंगत ही सगळी नंतरची रंगरंगोटी. तळाशी आहे तो जमावाने मिळून केलेला खून.

त्याची एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. तो विचारतो की बळी म्हणून निवडतात कोणाला? आपल्यासारखाच दिसणारा, पण आपल्यातला पुरता नसलेला. परका, गुलाम, कैदी, अनाथ, अपंग. ज्याच्यामागे कोणी उभे राहणार नाही, ज्याच्या मरणाचा सूड घ्यायला कोणी येणार नाही, असा. सूड आला तर शांतता टिकणार कशी?

यावर भाचीने टिपणात एक जुना ग्रीक विधी उदाहरण म्हणून घेतला होता. तो मी जरा सविस्तर सांगतो. अथेन्स शहरात झ्यूस देवाचा एक उत्सव असे, त्यात ‘बूफोनिया’ म्हणजे बैलहत्या हा विधी. पॉर्फिरी नावाच्या तिसऱ्या शतकातल्या लेखकाने तो लिहून ठेवला आहे, आणि त्याची भिस्त थिओफ्रास्टस या कितीतरी आधीच्या लेखकावर आहे. देवापुढे धान्याचे नैवेद्य मांडत. त्याभोवती बैल फिरवत. जो बैल त्या नैवेद्याला तोंड लावी तो ‘गुन्हेगार’ ठरे, आणि त्याच्यावर कुऱ्हाड पडे. कुमारिका पाणी आणत, त्या पाण्यावर कुऱ्हाड आणि सुरी परजत. एक परजणारा, एक कुऱ्हाड हातात देणारा, एक घाव घालणारा, एक गळा कापणारा. मांस सगळे खात. मग त्या बैलाचे कातडे शिवून त्यात गवत भरत आणि तो भुसभरला बैल नांगराला जुंपून उभा करत. जणू काही झालेच नाही.

त्यानंतर खटला चाले. हत्या झाली आहे, दोषी कोण? पाणी आणणाऱ्या मुली म्हणत, आम्ही फक्त पाणी आणले, दोष परजणाऱ्यांचा. परजणारे म्हणत, आम्ही धार लावून दिली, दोष कुऱ्हाड देणाऱ्याचा. तो म्हणे, मी फक्त दिली, दोष कापणाऱ्याचा. कापणारा म्हणे, दोष सुरीचा. सुरीला बोलता येत नाही. तिला दोषी ठरवून समुद्रात टाकत, आणि लोक घरी जात.

आपल्याकडेही हत्येवर असा पडदा टाकायची तजवीज दिसते. वैदिक पशुयागात मारण्याला मारणे म्हणत नाहीत, ‘संज्ञपन’ म्हणतात. त्या शब्दात संमतीचा अर्थ आहे, जणू पशूची मान्यता मिळवली. आणि ते चालू असताना ऋत्विज तोंड फिरवून बसतात. आमच्या घरी वास्तुशांत झाली तेव्हा उडीद-भाताचा बळी दिव्यासकट चौकात ठेवायला कामाच्या एका माणसाला पाठवले होते. वडील त्याला बजावत होते, मागे वळून पाहू नकोस. आम्ही घरचे दार लावून आत बसलो होतो. तो परत आला तेव्हा त्याला अंगणातच पाय धुवायला लावले. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

पण मी त्या अथेन्सच्या पानावर अडकलो ते वेगळ्या कारणाने. तो खटला मी पाहिलेला होता.

बरीच वर्षे झाली. मी ज्या शाखेत होतो तिथे एका संध्याकाळी कॅश टॅली होईना. शंभराच्या नोटांचे एक पाकीट कमी, म्हणजे दहा हजार. त्या काळात ती रक्कम फार मोठी होती. रात्री साडेनऊपर्यंत व्हाउचरे तपासली, टेबलांचे खण उपसले, केराची टोपली उलटी केली. नाही सापडले. शाखेत आठवडाभर कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते. डबे एकत्र उघडणारे आम्ही आपापल्या टेबलावर जेवायला लागलो. मग वरून चौकशी आली आणि प्रत्येकाने लेखी जबाब दिला. कॅशियर म्हणाले, मी मोजून ट्रे दिला. अधिकारी म्हणाले, कॅशियरने मोजलेल्यावर मी सही केली. काउंटरपासून तिजोरीच्या खोलीपर्यंत ट्रे उचलून न्यायचा तो रोजंदारीवरचा एक मुलगा. एकोणीस-वीस वर्षांचा, युनियनमध्ये नाही, शहरात नातेवाईक नाही. मी माझ्या जबाबात एकच वाक्य लिहिले की सदर मुलगा ट्रेजवळ एकटा उभा असल्याचे मी पाहिले. हे वाक्य खरे होते. तो रोजच तिथे एकटा उभा असे, ते त्याचे कामच होते. हे दुसरे वाक्य मी लिहिले नाही.

त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला ‘येऊ नको’ म्हणून सांगितले, एवढेच. तो काही बोलला नाही. पैसे कधी सापडले नाहीत, घेतले कोणी तेही कळले नाही. पण त्या आठवड्यात शाखेत चहा आला, भजी आली, आम्ही हसलो. जिरार म्हणतो ती शांतता अगदी तशीच्या तशी पसरली. अनेक वर्षे मी समजत होतो की ती चौकशी संपल्याची शांतता होती.

त्या वर्षी दत्तजयंतीला मी अन्नदानाची पाचशे एक रुपयांची पावती फाडली. बायकोने विचारले, “यंदा एवढी?” मी म्हटलं, “असू दे.”

आता त्या पावतीला काय म्हणावे? टायलर म्हणेल नजराणा. न्यूअर कदाचित म्हणतील काकडी. मी पुष्कळ विचार केला. जिरारचे सगळे मला मान्य नाही. जगातला प्रत्येक बळी एकाच मूळ खुनातून आला, हे तो सिद्ध करू शकत नाही. तो खून कोणी पाहिलेला नाही, आणि एकच चावी सगळ्या कुलपांना लागते असे जो म्हणतो त्याच्याबद्दल बँकेच्या माणसाला शंका येतेच. न्यूअरांचा बैल त्याच्या चौकटीत नीट बसत नाही, हे तर उघडच आहे. तो परका नाही, लाडका आहे, घरचा आहे, आणि तो जातो तेव्हा देणाऱ्याचे काहीतरी जाते. दुसरीकडे न्यूअरांच्यातही काही विधींत सगळ्यांची पापे बैलाच्या पाठीवर राखेबरोबर ठेवतात आणि ती रक्ताबरोबर जमिनीत वाहून गेली असे मानतात. म्हणजे ढकलणे तिथेही आहेच. त्यामुळे ‘हा विधी दानाचा, तो विधी ढकलण्याचा’ अशी दोन खाती उघडून हिशेब मिटत नाही. एकाच विधीत दोन्ही असू शकतात.

मला फरक सापडला तो आणखी एका ठिकाणी. न्यूअरांमध्ये कोणी माणूस मारला तर मारणारा थेट बिबट्याचे कातडे पांघरणाऱ्या पुरोहिताच्या घरी जातो. तो पुरोहित भाल्याने त्याच्या हातावर छेद घेऊन रक्त काढतो. ते होईपर्यंत त्याने खायचे नाही, प्यायचे नाही. बळीही दिला जातो. पण एवढ्यावर भागत नाही. मेलेल्याच्या घरच्यांना गुरे द्यावी लागतात, जुन्या मानाने चाळीसच्या आसपास, आणि पुरोहित मध्यस्थी करून ती ठरवतो. ती दिली जाईपर्यंत दोन्ही घरांनी एका भांड्यातून खायचे-प्यायचे नाही. देवाला बैल दिला म्हणून माणसाचे देणे फिटत नाही. जिरारचा चाहता म्हणेल, यात सूड थांबवणे हेच तर आहे. असेलही. पण सूड थांबवायचा तो ज्याचे गेले त्याच्या दारात गुरे नेऊन, तिसऱ्याच कोणाला समुद्रात टाकून नव्हे. शिवाय त्या विधीत भाला हाती घेऊन सर्वांसमोर खरे काय ते बोलावे लागते. अथेन्सच्या खटल्यात प्रत्येकजण बोलला, कोणीही खोटे बोलला नाही, आणि सत्य मात्र सुरीबरोबर बुडाले.

म्हणून मला वाटते, ‘इदं न मम’ हे शब्द दोन तऱ्हांनी म्हणता येतात. तूप माझे असते, कष्टाच्या पैशांनी आणलेले असते, म्हणून ते सोडताना ‘माझे नाही’ म्हणण्यात काही आहे. आधी माझे असल्याशिवाय ते माझे नाही असे म्हणता येणारच नाही. दुसरा ‘न मम’ पाणी आणणाऱ्या मुलींचा, धार लावणाऱ्यांचा, माझ्या जबाबातल्या त्या एका वाक्याचा. तिथे जे माझे होते तेच मी दुसऱ्याच्या अंगावर टाकले आणि म्हटले, हे माझे नाही. शब्द तेच, सूरही तोच. बाहेरून बघणाऱ्याला ओळखता यायचे नाही. ओळखायचे असेल तर मागून पाहावे लागते की हे सोडल्यावर घरातले कोणाचे काय कमी झाले.

चर्चासत्राच्या दिवशी मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. भाचीने छान मांडले. एका मुलाने उठून विचारले, “मॅडम, मग बरोबर कोण?” ती म्हणाली, “यहुद्यांच्या विधीत दोन बोकड असत. चिठ्ठ्या टाकून एक देवासाठी ठरवत, तो मारत. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांची पापे बोलून दाखवत आणि त्याला जिवंत रानात सोडून देत. आपण मराठीत दोघांना मिळून ‘बळीचा बकरा’ म्हणतो. तू आधी ते दोन वेगळे कर, मग मला विचार.” पोरं हसली. मी नाही हसलो. रानात सोडलेल्या त्या दुसऱ्या बोकडाचे पुढे काय होत असेल, एवढेच माझ्या मनात आले. ते कोणी पाहायला जात नसे.

घरी येताना रिक्षात मी भाचीला पाकिटाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत बायकोलाही सांगितली नव्हती. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “त्याचं पुढे काय झालं, मामा?” मी म्हटलं, “माहीत नाही.” ती म्हणाली, “माहीत करून घेतलंत का?”

यंदा आमच्या देवळात दत्तयागाला यजमान म्हणून बसाल का, असे समितीने मला विचारले आहे. मी अजून हो म्हटलेले नाही. रोजंदारीच्या हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे गाव आणि तालुका लिहिलेला असे. महिनाअखेरीला त्याचे पैसे मीच काढत असे, त्यामुळे तो पत्ता पाठ आहे. तो आता पन्नाशीच्या पुढे गेला असेल. एस.टी. सकाळी सव्वासहाला आहे, दोन ठिकाणी बदलावी लागते. दत्तजयंतीच्या आत जाऊन यायचे आहे, आणि हात हलवत जायचे नाही, एवढे ठरवले आहे. काय न्यायचे ते अजून ठरत नाही.